जूनचा कार्टन

मोबाईलच्या दुकानदाराचा सप्लायरशी वाद सुरू होतो तो बहुतेक वेळा अशा व्हॉट्सअॅप मेसेजने : “शेठ नमस्कार. मागच्या लॉटमध्ये लय प्रॉब्लेम आहे. गिऱ्हाईक रोज दारात येऊन ओरडतंय. सगळा माल बदलून द्या, नाहीतर पेमेंट थांबवतो.” त्याला उत्तरही ठरलेलं असतं : “सर्व्हिस सेंटरला पाठवा.” मग दुकानदार फोन करतो, शेठ उचलत नाहीत, आणि महिना असाच जातो.

शेठ उचलत नाहीत याचं कारण दर वेळी बेइमानी हेच असतं असं नाही. जिल्ह्याच्या गावातला डिस्ट्रिब्युटर स्वतः फोन बनवत नाही. तो कंपनीकडून किंवा राज्यपातळीच्या मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडून माल उचलतो आणि तालुक्याच्या दुकानांना पोचवतो. परत आलेला फोन त्याला वर पाठवता आला तरच त्याचे पैसे सुटतात, आणि वर बसलेल्या माणसाला “लय प्रॉब्लेम” हा शब्द कुठल्याही रकान्यात भरता येत नाही. त्याला प्रत्येक फोनचा आयएमईआय नंबर, बिल नंबर, दोषाचं नाव आणि तारीख लागते. म्हणून असं पत्र डिस्ट्रिब्युटरच्या नावाने लिहायचं असलं, तरी ते कंपनीच्या क्लेम बघणाऱ्या माणसासाठी लिहायचं असतं. डिस्ट्रिब्युटरने ते उघडावं आणि जसंच्या तसं पुढे ढकलावं, इतकं ते तयार असलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला दोष, हिशेब आणि अडचणी बाजारात रोज दिसणाऱ्याच आहेत. तालुक्याच्या गावातला एक दुकानदार गणपतीच्या आधी एका स्वस्त स्मार्टफोनचे 20 नग मागवतो. भाव 7,200 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे एक नग 8,496 रुपयांना पडतो आणि बिल होतं 1,69,920 रुपयांचं. बिल 4 ऑगस्ट 2025 चं, माल दुकानात आला 6 तारखेला, दहा-दहा नगांच्या दोन कार्टनमध्ये. दोन आठवड्यांत 11 फोन विकले जातात. त्यांतले पाच परत येतात.

तक्रारी मात्र दोन तऱ्हेच्या असतात. तिघे म्हणतात, चार्जिंग होत नाही, वायर वाकडी धरली तरच होतं. दोघे म्हणतात, चार्जिंगचं माहीत नाही, पण समोरच्याला आपला आवाजच जात नाही. दुकानदाराला वाटतं, सगळा मालच खराब, हरतऱ्हेचे रोग घेऊन आलाय. दुकानातला रिपेअरिंगचा पोरगा मात्र हे ऐकून एकदम सावध होतो, कारण अशा फोनमध्ये चार्जिंगची खाच आणि खालचा माईक बहुधा एकाच छोट्या पाटीवर बसवलेले असतात. त्या पाटीला सगळे सब-बोर्ड म्हणतात. ती फोनच्या तळाशी असते आणि एका चपट्या फ्लेक्स पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेली असते. त्या जोडात किंवा पाटीवरच्या झाळकामात गडबड असली, तर एकाचा चार्जर बोंबलतो आणि दुसऱ्याचा आवाज जातो. दिसायला तक्रारी दोन असतात, दोष एकच असतो. पाच सुट्या फोनांचं गाऱ्हाणं आणि एका बॅचचं गाऱ्हाणं यांतला फरक इथेच पडतो. सुटे फोन सर्व्हिस सेंटरला जातात, बॅचची जबाबदारी वरच्यांना घ्यावी लागते.

पण पोराचा अंदाज पत्रात चालत नाही. आधी तो पारखून घ्यावा लागतो, आणि त्याला फार सामान लागत नाही. चार्जर आणि फोन यांच्या मध्ये लावायचा एक छोटा यूएसबी मीटर दुकानात असतोच. किती करंट जातोय ते तो अँपिअरमध्ये दाखवतो. बॅटरी निम्म्याखाली असताना 10 वॅटच्या चार्जरवर या जातीचा चांगला फोन दोन अँपिअरच्या आसपास स्थिर राहतो. (बॅटरी भरत आली की करंट आपोआप उतरतो, म्हणून ही चाचणी नव्वद टक्क्यांवर करू नये; चांगला फोनही नापास होईल.) दोषी फोनमध्ये आकडा नाचतो, 0.3 वरून 1.5 वर जातो, पुन्हा खाली येतो, आणि वायरला बोट लागलं की शून्य. चाचणी करताना चार्जर आणि केबल दोन्ही बदलून बघायचे, नाहीतर समोरून पहिला प्रश्न येतो की केबल कुठली होती. आवाजाची चाचणी आणखी सोपी आहे : फोनमधला रेकॉर्डर सुरू करून दहा सेकंद बोलायचं आणि ऐकायचं. ही चाचणी कॉलवर करू नये, कारण तिथे नेटवर्कचं निमित्त मिळतं.

आपल्या दुकानदाराने पाचही फोनांच्या दोन्ही चाचण्या घेतल्या. चार फोनांत दोन्ही दोष निघाले, एकात फक्त चार्जिंगचा. ज्यांना फक्त आवाजाचा त्रास वाटत होता, त्यांच्याही फोनचा करंट नाचत होता. त्यांनी चार्जिंग रात्री लावलं होतं, सकाळपर्यंत कसंबसं भरलं होतं, म्हणून कळलं नव्हतं इतकंच.

आता प्रश्न असा की खराब नक्की किती. बिल 20 फोनांचं आहे, तेव्हा 20 बदलून मागावेत हा मोह होतो. पण प्रत्येक फोनच्या बॉक्सवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. वेष्टनावर ते छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मोठ्या कार्टनवरच्या लेबलावर आतल्या सगळ्या फोनांचे आयएमईआय नंबर बारकोडसह असतात. दुकानदाराने परत आलेल्या पाच फोनांचे नंबर या दोन लेबलांवर शोधले. पाचही एकाच कार्टनमधले निघाले, आणि त्या कार्टनमधला माल जून 2025 चा होता. दुसऱ्या कार्टनमधला माल एप्रिलचा. त्यातले चार विकले, एक काउंटरवर डेमोसाठी उघडला, पाच सीलबंद पडून आहेत. तक्रार एकही नाही. डेमोचा फोन त्याच मीटरवर, त्याच केबलने लावला तर आकडा 1.9 वर ठाम बसतो.

हे कळल्यावर मागणी आपोआप लहान होते, आणि लहान झाल्यामुळेच ती टिकते. एप्रिलच्या कार्टनबद्दल बोलायचंच नाही. भांडण उरलं जूनच्या दहा नगांपुरतं. त्यातले सात विकले गेले : पाच परत आले, दोन गिऱ्हाइकांकडे बिनतक्रार चालू आहेत. तीन दुकानात सीलबंद आहेत.

हे तीन सीलबंद फोन सगळ्यात अवघड जागी बसतात. सील फोडलं नाही तर दोष दाखवता येत नाही. फोडलं तर फोन नवा म्हणून विकता येत नाही, आणि एकदा सुरू होऊन नेटवर आला की बऱ्याच कंपन्यांच्या नोंदीत वॉरंटी त्याच दिवशी सुरू होते. दुकानदाराने एकट्याने सील फोडलेला फोन कुठलाही डिस्ट्रिब्युटर नव्या भावाने परत घेणार नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतला नसता. यातून बाजारातली शहाणी मंडळी एक वाट काढतात. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन ऑर्डर घ्यायला येतोच. त्याच्या समोर तीनपैकी एकच फोन उघडायचा, कुठला ते त्यालाच निवडू द्यायचं. उघडल्यापासून चाचणी संपेपर्यंत एकसंध व्हिडिओ घ्यायचा, त्यात बॉक्सवरचा नंबर आणि फोनवर *#06# दाबल्यावर दिसणारा नंबर दोन्ही आले पाहिजेत. मग छोट्या कागदावर सेल्समनची सही घ्यायची. आपल्या दुकानात हे 19 ऑगस्टला झालं. निवडलेल्या फोनमध्येही करंट नाचला. उरलेले दोन आता न उघडताच संशयित ठरतात.

इथे थोडा कायदा बघावा लागतो, कारण दुकानदारांचा एक गोड गैरसमज असतो की आपणही ग्राहकच आहोत, ग्राहक मंचात जाऊ. जाता येत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. उलट त्याच्या दुकानात फोन घेणारा गिऱ्हाईक मात्र ग्राहक असतो. दोषी माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे दुकानदाराला खालून एक कायदा लागू आणि वरून दुसराच. वरचा कायदा म्हणजे 1930 चा वस्तू विक्री कायदा.

त्या कायद्यात दुकानदाराच्या बाजूने मोठी गोष्ट आहे ती कलम 16 मध्ये. त्या प्रकारचा माल विकणं हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो बाजारात विकण्याजोगा असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात असतेच. माल तपासून घेतला असेल तर तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर काढता येत नाही. पण सीलबंद डब्यातल्या फोनचा सब-बोर्ड काही डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे हा आक्षेप इथे लागत नाही. फक्त बिलाच्या तळाची बारीक अक्षरं आधी वाचावीत, कारण दोन व्यापारी स्पष्ट अटींनी किंवा चालत आलेल्या प्रथेने ही गृहीत अट दूर ठेवू शकतात.

विरोधात जाणारी गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. माल पुढे विकणं म्हणजे तो स्वीकारणं, असं डिस्ट्रिब्युटरचा वकील सहज म्हणू शकतो, आणि कलम 42 त्याच्या बाजूने उभं राहतं. तपासायला वाजवी संधी मिळाल्यानंतरही काही न कळवता माल ठेवून घेतला, तरी तोच अर्थ निघतो. एकदा माल स्वीकारला की तो नाकारून सगळा व्यवहार मोडण्याचा हक्क बहुतेक वेळा जातो आणि हाती उरते नुकसानभरपाई किंवा किमतीत कपात. शिवाय “खराब नग बदलून नवा द्या” असा थेट हक्क हा कायदा कुठेच लिहून देत नाही. नग बदलून मिळतो तो कंपनीच्या डीओए धोरणातून, डिस्ट्रिब्युटरच्या अटींतून किंवा बाजाराच्या रीतीतून. डीओए म्हणजे पेटीतूनच मेलेला निघालेला फोन. त्याची मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, ती थोड्या दिवसांची असते, आणि त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा दाखला लागतो. म्हणून पत्रात बदलीची मागणी करायची आणि तिच्या मागोमाग पैशाचा पर्यायही लिहून ठेवायचा. आणि पत्र लवकर लिहायचं. रोज जाणारा दिवस समोरच्याच्या खात्यात जमा होतो.

आता पत्र.

प्रति,
व्यवस्थापक, (डिस्ट्रिब्युटर फर्मचे नाव व पत्ता)

दिनांक : 21 ऑगस्ट 2025

विषय : आपल्या दि. 4 ऑगस्ट 2025 च्या बिलातील जून 2025 उत्पादनाचे 8 हँडसेट बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या वरील बिलाने आम्ही (मॉडेल, मेमरी, रंग) या हँडसेटचे 20 नग घेतले. माल 6 ऑगस्ट रोजी दोन कार्टनमध्ये मिळाला. एक कार्टन एप्रिल 2025 च्या उत्पादनाचा व दुसरा जून 2025 च्या उत्पादनाचा आहे. एप्रिलच्या मालाबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. हे पत्र जूनच्या 10 नगांपुरतेच आहे.

या 10 पैकी 7 नग विकले गेले. त्यांपैकी 5 नग 11 ते 18 ऑगस्ट दरम्यान ग्राहकांनी परत आणले. पाचही नगांत चार्जिंगचा करंट स्थिर राहत नाही व केबलला धक्का लागताच चार्जिंग बंद पडते. त्यांपैकी 4 नगांत खालचा माईकही काम करत नाही. प्रत्येक नग दोन वेगवेगळ्या चार्जर व केबलवर तपासला आहे. त्याच चार्जर व केबलवर एप्रिलच्या कार्टनमधील नग व्यवस्थित चार्ज होतो. कोणत्याही नगावर पडल्याची, पाण्याची किंवा उघडल्याची खूण नाही.

दि. 19 ऑगस्ट रोजी आपले विक्री प्रतिनिधी दुकानात असताना त्यांनी स्वतः निवडलेला एक सीलबंद नग त्यांच्यासमोर उघडला. त्यातही हाच दोष आढळला. त्यांच्या सहीची नोंद व व्हिडिओ सोबत जोडला आहे. दोष एकाच उत्पादन-महिन्याच्या मालात व एकाच स्वरूपात येत असल्यामुळे तो वापरातून झालेला नसून बॅचचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. ही बाब आपण कंपनीच्या निदर्शनास आणावी.

आमची विनंती अशी की, परत आलेले 5, आपल्या प्रतिनिधीसमोर उघडलेला 1 व सीलबंद 2 असे 8 नग आपण परत घ्यावेत व त्याऐवजी जून 2025 च्या बॅचचे नसलेले नवे, सीलबंद नग हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत द्यावेत. तसे नग उपलब्ध नसल्यास बिलातील खरेदी दराने 67,968 रुपयांची (जीएसटीसह) क्रेडिट नोट द्यावी. विकलेल्या उर्वरित 2 नगांत हाच दोष निघाल्यास तेही याच अटीवर बदलून देण्याचे लेखी कळवावे. नग नेण्या-आणण्याचा खर्च आपण करावा.

बिलाच्या रकमेपैकी 1,01,952 रुपये आम्ही ठरल्याप्रमाणे 5 सप्टेंबर रोजी देत आहोत. वादातील 8 नगांची रक्कम तेवढी निर्णय होईपर्यंत रोखून ठेवत आहोत.

सर्व 10 नगांचे आयएमईआय क्रमांक, विक्रीची तारीख व आढळलेला दोष यांची यादी, कार्टनच्या लेबलांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
(सही, शिक्का, जीएसटी क्रमांक)

पत्रात रागाचा एकही शब्द नाही, पण म्हणून ते मवाळही नाही. “एप्रिलच्या मालाबद्दल तक्रार नाही” हे वाक्य मला त्यात सगळ्यात कामाचं वाटतं. बरेच दुकानदार ते लिहिणार नाहीत. आपण होऊन का सोडायचं, असं त्यांना वाटतं. पण कंपनीच्या माणसाला रोज “सगळा माल खराब” अशी पत्रं येतात आणि ती तो बाजूला ठेवतो. अर्धा माल चांगला आहे असं सांगणाऱ्याचं उरलेल्या अर्ध्याबद्दलचं म्हणणं तो वाचतो. शिवाय चांगला कार्टन हाच इथे पुरावा आहे. चार्जर तोच, केबल तीच, विजेचा पुरवठा तोच, दुकान तेच, आणि फरक फक्त उत्पादनाच्या महिन्याचा.

बिनतक्रार चालू असलेल्या दोन फोनांबद्दलचं वाक्यही सुटता कामा नये. ते दोन गिऱ्हाईक दिवाळीत आले तर तेव्हा नवं भांडण उभं राहायला नको.

पैसे रोखण्याबद्दल. व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजमध्ये होती ती धमकी आणि पत्रातला हा परिच्छेद दिसायला सारखे वाटतात, पण त्यांचं वजन वेगळं आहे. दोषामुळे झालेलं नुकसान किमतीतून वळतं करण्याचा आग्रह खरेदीदाराला कलम 59 नुसार धरता येतो. सगळं पेमेंट अडवलं की मात्र थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि माल खराब होता हा मुद्दा मागे पडतो. दुसरी गोष्ट चेकची. डिस्ट्रिब्युटरकडे पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेवलेला असेल, तर रागाच्या भरात बँकेत जाऊन तो थांबवू नये. स्टॉप पेमेंट केलेल्या चेकवरही कलम 138 चं प्रकरण उभं राहू शकतं, आणि मग आठ फोनांसाठी फौजदारी कोर्टाच्या तारखा सुरू होतात. आधी लेखी कळवून चेक बदलून घ्यावा.

क्रेडिट नोटचा पर्याय मागे लिहिला असला तरी हिशेबाच्या दृष्टीने मला तोच जास्त स्वच्छ वाटतो, नग बदलून मिळाले तरीही. म्हणजे डिस्ट्रिब्युटरने आठ नगांची क्रेडिट नोट द्यावी आणि बदली नगांचं नवं बिल करावं. जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये परत आलेल्या किंवा दोषी मालासाठी ही सोय आहेच. दुकानदाराला त्या आठ नगांवर घेतलेलं 10,368 रुपयांचं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं आणि नव्या बिलावर ते परत मिळतं, त्यामुळे खिशाला फरक पडत नाही. फायदा एवढाच की दुकानातल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय कुठल्या ना कुठल्या खरेदी बिलावर सापडतो. हातोहात अदलाबदल केली की जुन्या बिलावर जुने नंबर राहतात आणि कपाटात नवे फोन. पुढे त्यातला एखादा चोरीला गेला किंवा पोलिसांनी विचारणा केली, की हा फोन तुमच्याकडे आला कुठून याला कागद नसतो. मधल्या काळात कंपनीने भाव उतरवला असेल तर “बिलातील खरेदी दराने” या तीन शब्दांना पैशाची किंमत येते.

फोन परत पाठवणं हे वेगळंच काम आहे, आणि तिथे बरीच पत्रं हरतात. गिऱ्हाइकाने आठ दिवस वापरलेल्या फोनमध्ये त्याचे फोटो, बँकेचं ॲप, गूगल खातं असतं. हा दोष चार्जिंगचा आहे, म्हणजे बॅटरी एकदा संपली की फोन उघडणारच नाही. म्हणून तक्रार घेऊन गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं काम, चार्ज शिल्लक असतानाच त्याच्यासमोर डेटा काढून घ्यायचा, गूगल खातं हटवायचं, मग रीसेट करायचं. खातं न हटवता बटणं दाबून रीसेट केलेला फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि असा कुलूपबंद नग सर्व्हिस सेंटर परत पाठवतं. फोन हप्त्यावर घेतलेला असेल तर कर्ज त्या आयएमईआयवर नोंदलेलं असतं. फायनान्स कंपनीकडून नंबर बदलून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात नवा फोन देऊ नये. नाहीतर तो हप्ते एका फोनचे भरतो आणि वापरतो दुसराच.

सामान पाठवताना डिलिव्हरी चलन करावं आणि त्यावर आठही नंबर लिहावेत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे 67,968 च्या मालाला प्रश्न नाही. सप्लायर इंदूरचा किंवा सुरतचा असेल तर मर्यादा 50,000 ची आहे आणि मग ते काढावंच लागेल. कुरिअरवाला आत काय आहे विचारेल, त्याला खरं सांगावं. फुगलेली किंवा खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे. आपल्या दोषात बॅटरीला काही झालेलं नाही, पण एखाद्या फोनची पाठ उचललेली दिसली तर तो या पेटीत घालूच नये, डिस्ट्रिब्युटरच्या गाडीनेच पाठवावा. पेटी बंद करताना प्रत्येक फोनबरोबर त्याचाच बॉक्स आणि त्याचाच चार्जर गेला आहे ना, हेही नंबर जुळवून बघावं. घाईत बॉक्स अदलाबदल झाले की क्लेम तिथेच अडकतो.

पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, पोचपावती ठेवून, दोन्ही मार्गांनी पाठवावं. व्हॉट्सअॅपवर फक्त “पत्र पाठवलंय, बघून घ्या शेठ” एवढं कळवावं. शेठशी संबंध वर्षानुवर्षांचे असतात, दिवाळीचा माल त्यांच्याकडूनच यायचा असतो, उधारीही तेच देतात. म्हणून कागद पाठवला की ते दुखावतील, अशी भीती दुकानदारांना वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं. कागद हातात आला की शेठना वर भांडायला हत्यार मिळतं. सेल्समनची सही आहे, व्हिडिओ आहे, नंबर आहेत, ते फक्त मेल पुढे पाठवतात आणि फोनवर म्हणतात, “भाऊ, आणखी दोन दुकानांचीही हीच कंप्लेंट आहे, बघतो मी.” दुसऱ्या दुकानांचीही तक्रार आहे असं शेठ बोलून गेले, तर त्या दुकानदारांना गाठून त्यांच्या नगांचे उत्पादन-महिने विचारून घ्यावेत. तेही जूनचेच निघाले तर पुरवणी पत्रात तेवढं एक वाक्य जोडावं.

बदलीचे फोन आले की डिलिव्हरीवाल्याच्या कागदावर सही करण्याआधी थोडा वेळ काढावा. प्रत्येक बॉक्सवरचा महिना बघायचा. जून 2025 असेल तर तो नग तिथेच परत करायचा आणि तसं कागदावर लिहायचं. मग प्रत्येक बॉक्सवरचा पंधरा आकडी आयएमईआय घेऊन KYM, मोकळी जागा आणि तो नंबर असा एसएमएस 14422 वर पाठवायचा. दूरसंचार विभागाच्या नोंदीत तो नंबर कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या मॉडेलचा आहे, हे उत्तरात येतं. शेवटी कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघायचं. नव्या सीलबंद फोनची वॉरंटी सुरू झालेली दिसली, तर तो फोन आधी कुणीतरी चालू केलेला आहे. असे परत आलेले, दुरुस्त करून पुन्हा सील मारलेले नग बदलीच्या मालात घुसवले जातात. कलम 34 ची क्रेडिट नोट आणि नवं बिल मागितलेलं असेल, तर तो नग नाकारायला वेगळं पत्र लिहावं लागत नाही. नव्या बिलाचा माल म्हणून तो दारातूनच परत जातो.